तळहाताचा रंग कातडीच्या खालून ठरतो

इंदुरात रामबागेतल्या आमच्या वाड्यात लग्नाच्या आदल्या रात्री मेंदी काढायला सगळ्या बायका ओळीने बसल्या की सावळे-गोरे सगळे हात उताणे होतात आणि जवळपास एकाच रंगाचे दिसतात. माझी आजी म्हणायची, "भांडी घासून घासून रंग निघून गेला." लहानपणी आम्हाला ते खरंच वाटायचं. पण अंगाने सावळ्या, दोन वर्षांच्या मुलाचेही तळवे उजळ असतात, आणि त्याने कुठली भांडी घासली!

तळवे उजळ का, या प्रश्नाकडे मी वळले ते याच घरातल्या माझ्या भाचीमुळे. सहा वर्षांची असताना कढईतलं तेल सांडून तिचा उजवा तळहात भाजला. मांडीची कातडी काढून तिथे लावली. जखम भरली, बोटं नीट उघडतात, पण आज वीस वर्षांनीही तळहाताच्या मध्यावर मांडीच्याच रंगाचा गडद तुकडा दिसतो. रंग घासून जात असता तर एवढ्या वर्षांत तो तुकडाही उजळायला हवा होता.

रंग कातडीच्या कुठल्या थरात असतो, हे युरोपात सतराव्या शतकात कळलं. इटलीचा मार्चेल्लो माल्पिगी याने १६६५ मध्ये दाखवलं की काळ्या माणसाच्या कातडीचा सगळ्यात वरचा पापुद्रा आणि खालचा जाड थर दोन्ही फिके असतात, रंग असतो तो मधल्या पातळ थरात. तो रंग नेमका कोण तयार करतं, हे समजायला पुढे अडीचशे वर्षं लागली. १९१७ मध्ये ब्रूनो ब्लॉख यांनी डोपा नावाचं रसायन वापरून रंग बनवणाऱ्या पेशी काळ्या करून दाखवल्या. त्यांना आज आपण मेलॅनोसाइट म्हणतो. पेशी अशा दिसू लागल्यावर त्यांची मोजणी शक्य झाली. मोजणीतून निघालं ते मला अजूनही विलक्षण वाटतं: शरीराच्या एकाच जागी गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या मेलॅनोसाइटची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य किती बनवतात आणि त्याचे कण किती मोठे असतात, यात. तळव्यांवर मात्र या पेशीच कमी असतात, अंगाच्या इतर कातडीच्या जवळपास पाचव्या हिश्श्याइतक्या. गोऱ्या माणसातही त्या कमीच असतात, पण तिथे तो फरक डोळ्यांना जाणवत नाही.

कमी का, याचे पहिले धागेदोरे गिनीपिगवरच्या प्रयोगांतून मिळाले. १९६७ मध्ये बिलिंगहॅम आणि सिल्व्हर्स यांनी कान, धड आणि तळपाय इथल्या कातडीचे वरचे आणि खालचे थर वेगळे करून त्यांची अदलाबदल केली. धडाचा वरचा थर तळपायाच्या खालच्या थरावर ठेवला, तर तो तळपायासारखा जाड होत गेला. म्हणजे वरच्या थराने कसं व्हायचं हे खालचा थर ठरवतो.

खालचा थर हा हुकूम कशातून देतो, ते २००४ मध्ये युजी यामागुची, व्हिन्सेंट हिअरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. तळव्याच्या खालच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी डीकेके-१ नावाचं प्रथिन इतर जागांपेक्षा खूप जास्त सोडतात. हे प्रथिन आधी, १९९८ मध्ये, हायडेलबर्गला बेडकाच्या भ्रूणात सापडलं होतं. ते जास्त दिलं की डोकं मोठं होई, म्हणून त्याला जर्मन भाषेत 'जाड डोकं' अशा अर्थाचं डिककॉफ हे नाव पडलं. पेशींना वाढायला सांगणारा व्हिंट नावाचा एक संदेश असतो, तो हे प्रथिन अडवतं. त्यामुळे मेलॅनोसाइट कमी वाढतात आणि मेलॅनिनही कमी बनवतात. वरच्या थरातल्या पेशीही त्यांच्याकडून रंगाचे कण कमी उचलतात. जोडीला तळव्याची कातडी जाड होते, आणि खालचा उरलासुरला रंग त्या जाडीतून आणखी फिका दिसतो.

आता भाचीच्या हाताकडे परत येते. तिला लावलेल्या कातडीत वरच्या थराबरोबर मांडीच्या खालच्या थराचाही काही भाग होता, म्हणून आपल्या जागेचा हुकूमही त्या कातडीने सोबत आणला. फक्त वरचा पातळ थर तळव्यावर लावला असता तर तिथल्या फायब्रोब्लास्टनी त्याला हळूहळू आपल्यासारखं करून घेतलं असतं. यामागुचींच्या गटाने अशा शुद्ध वरच्या थराच्या पट्ट्या तळव्यावर लावल्या, तेव्हा तसंच झालं. तळहातासाठी तळपायाच्या कमानीजवळची कातडी वापरली तर रंग जुळतो, हेही शल्यचिकित्सकांना ठाऊक आहे. त्याची कारणमीमांसा हीच.

एक व्यवहारातली गोष्ट सांगायलाच हवी. सावळ्या माणसाच्या तळव्यावर रेषा गडद असणं, काही ठिपके असणं नेहमीचंच आहे. पण आधी फिक्या असलेल्या रेषा अचानक काळ्या पडू लागल्या, तर ते मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या आजाराचं लक्षण असू शकतं. तळपायावरचा एखादा डाग वाढत, कडा वेड्यावाकड्या होत चालला, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावा. गडद रंगाच्या लोकांना मेलॅनोमा हा कर्करोग बरेचदा तळव्यावर किंवा नखाखालीच होतो, आणि तिथे तो सहसा उशिरा नजरेस येतो.

परवा चुलतबहिणीच्या लग्नात भाचीने मेंदी काढली. सगळा तळहात लालभडक रंगला, फक्त मांडीच्या त्या तुकड्यावर मेंदी फिकी राहिली. मेंदीचा रंग कातडीच्या वरच्या मृत थरात बसतो, आणि मांडीच्या कातडीवर तो थर फारच पातळ असतो.