मल्टिमीटर ‘OL’ दाखवतो, मग मेगर 0.4 का दाखवतो?

कोकणातल्या जुन्या घराचं वायरिंग मे महिन्यात तपासताना हा गोंधळ हमखास होतो. मल्टिमीटर ओहमवर लावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये धरला की पडद्यावर `OL` येतं, म्हणजे रोध मोजता येण्यापलीकडे आहे, आणि वायरिंग ठणठणीत आहे असं वाटतं. त्याच दोन टोकांना मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला की आकडा येतो 0.4 मेगोहम. दोन्ही यंत्रं ओहमच मोजतात, पण मोजताना वायरवर किती दाब टाकतात ते अगदी वेगळं आहे.

मल्टिमीटर ओहमवर असताना जेमतेम काही व्होल्ट देतो. तुटलेली वायर किंवा सरळ शॉर्ट शोधायला तेवढं पुरतं. पण बॅटन पट्टीवरच्या जुन्या रबरी वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, आणि त्या भेगेत धूळ, कोळ्याची जाळी आणि थोडी ओल बसलेली असते. एवढ्याशा व्होल्टला ती वाट बंदच असू शकते. 230 व्होल्टचा पुरवठा मात्र प्रत्येक आवर्तनात सुमारे 325 व्होल्टच्या शिखरापर्यंत जातो. म्हणून घरगुती वायरिंगला मेगर 500 व्होल्ट डीसीचा लावतात. वायरीला रोज सोसावा लागतो त्याहून थोडा जास्तच दाब देऊन तो गळती मोजतो. तेव्हा इन्सुलेशनच्या बाबतीत मल्टिमीटरचा `OL` हा निकाल धरूच नये.

मात्र मेगर चुकीचा लावला तर त्याचाही आकडा फसवतो. मेन स्विच बंद करून मेन फ्यूज काढा. इन्व्हर्टर असेल तर तो बंद करून त्याची आउटपुट वायर सोडवा, नाहीतर लाइन जिवंतच राहील. वीज खरंच गेली आहे हे फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर तपासा. न्यूट्रल लिंकही सोडवायलाच हवी, कारण वीज कंपनीचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थला जोडलेला असतो. तो जोडलेला ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मोजलं तर वायर नवी असली तरी काटा शून्यावर बसेल. एलईडी दिवे, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही काढून ठेवा आणि गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीच्या पुढच्या वायरी सोडवा. 500 व्होल्टने ही उपकरणं बिघडू शकतात. मेन स्विच सोडून बाकी सगळे स्विच चालू ठेवा, नाहीतर स्विचच्या पलीकडची वायर मोजलीच जात नाही. मग फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्या आणि अर्थच्या मध्ये एक मिनिट मोजा. काटा थरथरत राहिला तर भेगेतून ठिणगी उडत असण्याची शक्यता आहे. मोजून झाल्यावर वायर डिस्चार्ज होऊ द्या, मगच हात लावा.

बऱ्याच जुन्या घरांत बॅटनवर दोनच वायरी असतात, अर्थची तिसरी नसतेच. अशा वेळी मेगरची अर्थची लीड घराच्या अर्थिंगला लांब वायरीने जोडावी. अर्थिंगच नसेल तर आधी ते करून घ्यावं. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे.

आता आकडा कसा वाचायचा ते एका उदाहरणाने पाहू. घरात चार सर्किट आहेत आणि सगळी मिळून 0.41 मेगोहम येतं. किमान हवं 1 मेगोहम. फ्यूजनिहाय वेगळं मोजल्यावर 60, 45, 80 आणि 0.42 असे आकडे येतात. ही सर्किट समांतर असल्याने सगळ्यात कमजोर सर्किटच एकूण आकडा खाली ओढतं. म्हणजे अख्खं घर नव्याने वायरिंग करायची गरज नाही. चौथं सर्किट जंक्शन बॉक्सपाशी मधोमध तोडून पुन्हा मोजलं, न्हाणीघराकडे जाणारी शाखा सोडवली की उरलेलं 38 दाखवतं आणि ती शाखा एकटी 0.42. दोष तिच्यातच आहे: एक तर होल्डर, नाहीतर भिंतीतून जाणारी वायर. आधी होल्डर सोडवून पाहा, स्वस्तात सुटेल.

0.42 मेगोहमला 230 व्होल्टवर जेमतेम अर्धा मिलिअँपिअर गळतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्याने पडणार नाही. पण हा आकडा मे महिन्यातला, म्हणजे भिंती सर्वांत कोरड्या असतानाचा आहे. आषाढात भिंत पाणी प्यायली की तोच 0.015 मेगोहमपर्यंत उतरू शकतो. मग गळती 15 मिलिअँपिअर होते आणि आरसीसीबी पडायला लागू शकतो. घरात आरसीसीबीच नसेल, तर ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येऊ शकतात. म्हणूनच मे महिन्यात एखादं सर्किट 1.2 मेगोहम दाखवत असेल, तर ते नियमात बसलं तरी आम्ही त्याला पास म्हणणार नाही. वायर जुनी रबरी असेल तर ती बदलायच्या यादीत टाकतो. पीव्हीसी असेल तर जोड आणि होल्डर उघडून, पुसून, कोरडे करून पुन्हा मोजतो. आकडा दहा-वीसच्या वर गेला तर दोष वायरीत नव्हता, जोडावरच्या धुळीत आणि ओलीत होता.