डीपी वेशीवर की बांधावर? माळव्यातल्या एका वादाची पार्श्वभूमी

दाब चढवला की तेवढीच वीज कमी प्रवाहात जाते, आणि तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाने घटते. 1891 मध्ये जर्मनीत लाऊफेन ते फ्रँकफर्ट अशी 175 किलोमीटर वीज नेऊन हे दाखवले गेले. मोठ्या वाहिन्यांचा प्रश्न तिथेच मिटला. इंदूर-वडोदरा वाहिनी आज 765 केव्हीवर आहे. खरी ओढाताण झाली ती शेवटच्या किलोमीटरवर: दाब उतरवायचा कुठे?

इंदूरच्या आसपास जुनी रीत अशी, की वेशीवर 100 केव्हीएची एक डीपी, म्हणजे दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, बसवायची. तिच्या 11 केव्हीच्या बाजूला बारीक तारेची कॉइल, दुसऱ्या बाजूला 44 वेढ्यांमागे एक वेढा. बाहेर 433 व्होल्ट. तिथून एलटीच्या, म्हणजे कमी दाबाच्या, उघड्या तारा शेतोशेती.

आता किलोमीटरभर लांब पाच एचपीचे चार पंप धरा. चौघांना मिळून साधारण 18.6 किलोवॅट लागतात, म्हणजे 415 व्होल्टवर सुमारे 32 अँपिअर. किलोमीटरला 0.9 ओहमच्या तारेत तीन फेजवर 2.8 किलोवॅट उष्णतेत जातात. टोकाला दाब 360च्या आसपास उरतो. गहू भरायच्या दिवसांत दाब त्याहून खाली गेला की मोटर गुणगुणते, जास्त प्रवाह खेचते आणि जळते. तीच वीज 11 केव्हीवर नेली, तर प्रवाह सव्वा अँपिअर आणि हानी जेमतेम चार वॅट.

म्हणून उच्चदाब वितरण आले: 11 केव्ही थेट बांधापर्यंत, आणि तीन-चार पंपांमागे 25 केव्हीएची छोटी डीपी. विरोधकांचा मुद्दा गाभ्याचा होता. पंप बंद असला तरी डीपी चालू असेतोवर लोखंडी गाभा वीज खातोच. जुन्या मानकात 100 केव्हीएला 260 वॅट, 25 केव्हीएला 100. म्हणजे चार छोट्या मिळून 140 वॅट जास्त. तारेत वाचणाऱ्या किलोवॅटांपुढे हे फारच थोडे. शिवाय शेतीचे फीडर वेगळे झाल्यावर पुरवठा ठरावीक तासच असतो आणि त्यानंतर डीपीही बंद. गुजरातेत फीडर वेगळे करण्याचे काम 2003 पासून सुरू झाले.

खर्चाचा आक्षेप मात्र खराच होता. आणि खरे सांगायचे तर योजना आवडली ती दुसऱ्याच कारणाने: 11 केव्हीवर आकडा टाकायला कोणी धजत नाही.

छोट्या डीपीची अडचण वेगळी. मोठ्या डीपीवर सगळे पंप एकदम चालत नाहीत, त्यामुळे थोडी ढील असते. 25 केव्हीएवर चार पंपांचे 23 केव्हीए आधीच होतात. त्यात कुणी पाचाच्या जागी साडेसात एचपीची मोटर बसवली की डीपीच्या 11 केव्हीच्या बाजूचा डीओ फ्यूज उडतो. मग वायरमनची वाट कोण बघणार? जाड तार बांधली जाते, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपीची कॉइल जळते.