काजू प्रक्रिया उद्योगाचा प्रकल्प अहवाल

काजू बी विकत घेऊन काजूगर काढणाऱ्या लहान कारखान्यासाठी बँकेला किंवा अनुदान देणाऱ्या यंत्रणेला सादर केला जाणारा लेखी प्रस्ताव. बाजारपेठ, भांडवली खर्च, चालू खर्च, खेळते भांडवल आणि परतफेड हे त्याचे नेहमीचे भाग होत. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूरचे आजरा-चंदगड तालुके आणि गोवा या पट्ट्यात असे कारखाने आहेत. बी येते जेमतेम तीन महिने, कारखाना मात्र वर्षभर चालवायचा असतो. त्यामुळे यंत्रांच्या किमतीपेक्षा खेळत्या भांडवलाचे पान अधिक महत्त्वाचे ठरते, आणि तयार नमुन्यांवरून उतरवलेल्या अहवालांत नेमके तेच पान कच्चे असते.

बाजारपेठ. काजूगर हा एक माल नाही. अख्ख्या गराची प्रतवारी आकारावर होते. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर बसतील असा काजू, आणि आकडा जितका लहान तितका गर मोठा. हा माल सुक्या मेव्याची दुकाने, भेटवस्तूंचे डबे आणि कोकण-गोव्यातील पर्यटकांकडे जातो. पाकळी आणि तुकडा मिठाईवाले, आइस्क्रीमवाले आणि हॉटेले घेतात. काजूकतलीसाठी अख्खा गर कोणी वाटत नाही. म्हणून अहवालात दोन गिऱ्हाइके आणि दोन भाव वेगवेगळे दाखवावे लागतात. लोकसंख्येला दरडोई खपाने गुणून काढलेल्या ‘मागणी’वर बँकेचा अधिकारी फारसा थांबत नाही. वाशीच्या किंवा कोल्हापूरच्या दोन-तीन व्यापाऱ्यांची दर आणि उधारीची मुदत लिहिलेली पत्रे जोडली, तर ती तो वाचतो. भाव मात्र स्थानिक नसतो. देशातील कारखाने पश्चिम आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर बी आयात करतात आणि त्या बियांच्या दराची सावली सावंतवाडीच्या खरेदीवरही पडते.

उतारा. दिवसाला २०० किलो बी आणि वर्षाला २५० दिवस काम, म्हणजे ५० टन बी, असा कारखाना उदाहरणासाठी घेऊ. पुढील सर्व भाव हिशोबापुरते गृहीत धरलेले आहेत. बी १३० रुपये किलोने घेतल्यास कच्चा माल ६५ लाखांचा होतो. उतारा २५ टक्के धरला, तर साडेबारा टन गर निघतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींचा उतारा ३० टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो, पण गावोगावच्या मिश्र बियांसाठी तो आकडा अहवालात धरणे धोक्याचे. शंभर किलो गरात ७० किलो अख्खा, ७६० रुपयांनी, आणि ३० किलो पाकळी-तुकडा, ५६० रुपयांनी, असे धरल्यास सरासरी ७०० रुपये पडते आणि विक्री ८७.५ लाखांची होते.

हे दोन आकडे किती नाजूक आहेत ते पाहण्यासारखे आहे. उतारा एका टक्क्याने घसरला की ५०० किलो गर, म्हणजे साडेतीन लाख रुपये गेले. अख्ख्याचे प्रमाण ७० वरून ६० वर आले की अडीच लाख गेले. बी उकडण्याचा वेळ कमी-जास्त झाला, किंवा वाफवलेली बी पुरती निवू न देता फोडायला घेतली, की तुकडा वाढतो. म्हणून खरेदीच्या वेळी प्रत्येक ढिगातून एक किलो बी काढून, फोडून, गराचे वजन करतात; डागी गराचे वजन निम्मेच धरतात.

दुसरी गळती ओलाव्याची. झाडाखालून नुकत्याच वेचलेल्या बियांत १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असू शकतो. साठवणीला तो ८-९ टक्क्यांवर आणावा लागतो. दोन-तीन दिवसांच्या उन्हात १०० किलोचे सुमारे ९३ किलो उरतात. म्हणजे १३० रुपयांनी घेतलेली ओली बी सुकल्यावर १४० रुपयांना पडली. सुकी बी ओतताना खडखड वाजते आणि टरफलात नख रुतत नाही. मे महिन्यातील अवकाळी पावसात घाईने घेतलेली बी पोत्यात भरली, तर ऑगस्टमध्ये गर पिवळा, बुरशीचा निघतो. अहवालात ‘सुकवणीची घट’ अशी वेगळी ओळ नसेल, तर करणाऱ्याने एक हंगामही पाहिलेला नाही असे खुशाल समजावे.

भांडवली खर्च. उकडण्याचे भांडे व बॉयलर, फोडणी यंत्रे, ड्रायर, साल काढण्याचे यंत्र, प्रतवारीची टेबले आणि पॅकिंग मिळून १४ लाख, शेडला ६ लाख, असे २० लाख धरू. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. येथे ते ७ लाख होते. उद्योजकाचा हिस्सा किमान १० टक्के. शेडचा खर्च पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरला जातो. हे अनुदान कर्जाशी जोडलेले असते, हातात पडत नाही; आणि बी खरेदीला त्यातला रुपयाही लागू होत नाही.

खेळते भांडवल. लहान उद्योगांसाठी बँका सहसा नायक समितीच्या सूत्राने चालतात: अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के ही गरज, त्यात २० टक्के बँकेचे आणि ५ टक्के उद्योजकाचे. या सूत्राने आपल्या कारखान्याला १७.५ लाखांची मर्यादा मिळते आणि स्वतःचे सुमारे ४.४ लाख लागतात. वर्षभर कच्चा माल मिळणाऱ्या पिठाच्या गिरणीला हे सूत्र बरे आहे, कारण तिचा पैसा वर्षात चारदा फिरतो. काजूत तो एकदाच फिरतो. मार्च ते मे दरम्यान ५० टन बी घेतली आणि त्या काळात १२ टन फोडली, तर मेअखेर गोदामात ३८ टन, म्हणजे ४९.४ लाखांचा माल पडून असतो. शिवाय महिनाभराच्या उधारीत सुमारे ७.३ लाख अडकतात.

म्हणून अहवालात महिनावार साठ्याचा तक्ता द्यावा आणि हंगामी व बिगरहंगामी अशा दोन मर्यादा मागाव्यात. साठ्यावर बँकेने २५ टक्के मार्जिन ठेवले, तर ३७ लाखांपर्यंत उचल मिळेल आणि १२.४ लाख घरचे घालावे लागतील. तेवढे नसतील, पाचच लाख असतील, तर २० लाखांचा, म्हणजे जेमतेम १५ टनांचा साठा परवडतो आणि कारखाना सप्टेंबरच्या मध्यावर, दिवाळीच्या तोंडावर रिकामा होतो. पुढचे महिने दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून देणे किंवा चढ्या भावाने बी घेणे, एवढेच उरते.

कराचाही एक खिळा आहे. नोंदणीकृत कारखान्याने शेतकऱ्याकडून बी घेतली की ५ टक्के जीएसटी कारखान्यालाच भरावा लागतो, तोही रोखीने. वजावट नंतर मिळते, पण हंगामात ६५ लाखांच्या खरेदीवर सव्वातीन लाख आधी जातात.

परतफेड. विक्रीतून बी आणि किलोमागे २० रुपये प्रक्रिया खर्च, म्हणजे १० लाख, वजा जाता १२.५ लाख उरतात. साठा आणि उधारीवर ११ टक्क्यांनी सुमारे साडेतीन लाख व्याज, इतर स्थिर खर्च तीन लाख. कर्जाच्या हप्त्यांसाठी सहा लाख राहतात. गराचा भाव दहा टक्क्यांनी पडला, तर ८.७५ लाख कमी येतात आणि हप्ताच काय, व्याजही पुरे निघत नाही. आणि बी तर मेमध्येच जुन्या भावाने घेऊन ठेवलेली असते. ही जोखीम कमी करण्याचा एक मार्ग शेतमाल तारण योजनेतून निघतो. पणन मंडळाच्या या योजनेत शेतकरी काजू बी बाजार समितीच्या गोदामात ठेवून ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी कर्ज घेऊ शकतो. कारखानदाराला ती खुली नाही; पण बागायतदारांशी आधी बोलणी झाली असतील, तर साठ्याचा काही भाग त्यांच्या नावावर गोदामात राहतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्या वेळच्या भावाने उचलता येतो.