एकच कऱ्हाड, संगणकाला दिसतात चार

कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या सातारा जिल्ह्यातल्या गावाचं नाव लिहायचं कसं? रोजच्या व्यवहारात कराड, जुन्या वळणाच्या लिखाणात कऱ्हाड, इंग्रजीत Karad आणि अधूनमधून Karhad. माणसांचं यामुळे काहीच अडत नाही. संगणकाचं मात्र अडतं, आणि तेही इंग्रजीपर्यंत पोचण्याच्या आधी, मराठीतच.

संगणक अक्षरं बघत नाही, त्यांचे क्रमांक बघतो. शोधयंत्र मजकुरातल्या प्रत्येक शब्दाची क्रमांकमाळ सूचीत लावून ठेवतं आणि आपण काही टाइप केलं की तीच माळ तिथे आहे का, हे तपासतं. आता खालच्या ओळी पाहा. पहिल्या तिन्ही पडद्यावर साधारणपणे सारख्याच दिसतात, चौथीत तेवढा रफार आहे.

```
कऱ्हाड    0915 0931 094D 0939 093E 0921
कऱ्हाड   0915 0930 093C 094D 0939 093E 0921
कर्‍हाड   0915 0930 094D 200D 0939 093E 0921
कर्हाड    0915 0930 094D 0939 093E 0921
```

पहिल्या ओळीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक 0931. दुसरीत साधा र आणि त्याखाली नुक्ता. तिसरीत साधा र, हलन्त आणि मग 200D, म्हणजे डोळ्याला न दिसणारा एक जोडक. त्याचं काम एवढंच, की रफार वर न चढता ऱ्ह व्हावा. हा जोडक टाइप करायचा राहिला की चौथी ओळ तयार होते. कुठली ओळ उमटणार हे कीबोर्डवर ठरतं, लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो.

यातल्या पहिल्या दोन ओळी जुळवणं सोपं आहे. हे क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोडच्या नियमांनी त्या समान मानल्या आहेत, त्यामुळे मजकूर साठवण्याआधी प्रमाणीकरण केलं की दोन्हींची एकच माळ होते. पहिली आणि तिसरी मात्र युनिकोडच्या लेखी समान नाहीत. ऱ्ह अशा रीतीने लिहिण्याची सोय जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे, पण प्रमाणीकरण तिला हात लावत नाही. म्हणून तिसऱ्या पद्धतीने साठवलेला ‘कर्‍हाड’ पहिल्या पद्धतीने शोधला, तर उत्तर शून्य येऊ शकतं, आणि शोधणाऱ्याला वाटतं की माहितीच नाही.

काही प्रणाली यावर सोपा उपाय करतात. न दिसणारी सगळी चिन्हं त्या सरसकट गाळून टाकतात. त्याने तिसरी आणि चौथी ओळ एक होते, पण पहिली तरीही वेगळीच राहते. वर नवं दुखणं येतं ते वेगळंच. तिसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दर्‍या’ मधला जोडक काढला की उरतो ‘दर्या’. सह्याद्रीतल्या दऱ्या शोधायला जावं आणि समुद्र हाती यावा! मराठीसाठी खरा उपाय उलटा आहे. र, हलन्त आणि जोडक असा क्रम सापडला की आधी त्याजागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवायचा, बाकीची साफसफाई नंतर. हा नियम एका ओळीचा आहे, पण तो लिहिण्यासाठी ऱ्या आणि र्या यांतला फरक माहीत असलेला माणूस लागतो.

आता रोमन लिपी. Karad हे करड, कराड, कारद यांपैकी काहीही असू शकतं, कारण ड-द आणि अ-आ हे भेद साध्या रोमन अक्षरांत मावत नाहीत. अक्षरांखाली ठिपके आणि वर रेघा देऊन ते दाखवता येतात, पण ठिपके द्यायला कोण बसतंय? त्यामुळे इंग्रजी यादीवरून यंत्राने मराठी नकाशा तयार केला, की आळंदीची आलंदी होते.

स्पेलिंग थोडं चुकलं तरी गाव सापडावं म्हणून एक जुनी युक्ती वापरतात. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, ते मोजायचं. Karad चं Karhad करायला एक अक्षर पुरतं. छान. पण Karad चं Karmad करायलाही एकच पुरतं, आणि करमाड आहे छत्रपती संभाजीनगरजवळ, कराडपासून सरळ रेषेत ३०० किलोमीटरहून अधिक दूर. मोजपट्टीच्या दृष्टीने दोघांत काडीचा फरक नाही.

दुसरी युक्ती उच्चाराची. साउंडेक्स नावाच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १९१८ साली घेतलं गेलं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर आणि h, w, y सोडून द्यायचे आणि उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे. Karad आणि Karhad दोन्हींचा संकेत K630 येतो, Karmad चा K653. करमाडचा घोळ मिटला म्हणावं, तर पुण्याच्या खराडीचा, Kharadi चा, संकेतही K630. नागपूरजवळच्या कोराडीचाही तोच. क आणि ख इंग्रजीला एका h ने ओळखायचे असतात, आणि नेमका तोच h या पद्धतीत गळतो. शिवाय पहिलं अक्षर अढळ असल्यामुळे Vasai आणि Bassein तिच्या हाती कधीच एकत्र लागणार नाहीत. ही पद्धत अमेरिकी आडनावांसाठी होती, आपल्या गावांसाठी नव्हे.

तेव्हा नावावरून गाव ओळखण्याचा नाद सोडलेला बरा. नीट चालणाऱ्या याद्यांत प्रत्येक गावाला एक क्रमांक असतो. जनगणनेत तो असतो, पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही असतो. नावं त्या क्रमांकाला लटकवायची, कितीही. पूना, पुणे, Poona, Pune अशी सगळी, आणि उस्मानाबाद-धाराशिवसारखी बदललेली नावंही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात अशी सोय आहेच:

```
name=Karad
name:mr=कराड
alt_name:mr=कऱ्हाड
```

अडचण येते ती दोन जुन्या याद्या एकत्र करताना, जिथे एकीत क्रमांकच नसतो. तिथे नाव आणि जागा दोन्ही ताडून पाहावी लागतात. नावांत एका अक्षराचा फरक आहे आणि दोन्ही ठिपके दोन किलोमीटरच्या आत आहेत, तर गाव एकच. कराड-करमाड या कसोटीवर लगेच वेगळे होतात. एकाच गावाचे चुकून पडलेले दोन ठिपकेही असेच पकडता येतात.

पण महाराष्ट्रात या नियमालाही खुर्द-बुद्रुक आडवे येतात. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द शेजारी शेजारी आहेत. यादीत एक Wadgaon Bk, दुसरं Vadgaon Kh. शेवटची दोन अक्षरं फालतू समजून यंत्राने गाळली, तर उरतो v आणि w चा एका अक्षराचा फरक, आणि अंतर अगदी थोडं. नियमाप्रमाणे दोन्ही गावं एकच ठरतात. त्यामुळे Bk, Kh, बु., खु. हे सगळे जोड आधी ओळखून त्यांच्यासाठी वेगळा रकाना करावा लागतो, आणि तो रकाना जुळला नाही तर बाकी सगळं जुळूनही गावं वेगळीच ठेवावी लागतात.