आवर्ती कलांवरील क्रमप्रश्न

दिलेली मूलद्रव्ये अणुत्रिज्या, आयनीभवन ऊर्जा किंवा विद्युतऋणता यांच्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावण्याचा, बारावीच्या व प्रवेश परीक्षांत रुळलेला प्रश्नप्रकार. आवर्तात डावीकडून उजवीकडे त्रिज्या घटते व इतर दोन राशी वाढतात. गणात खाली जाताना उलट घडते. एवढ्या नियमावर बरीच उत्तरे निघतात. प्रश्न बेतलेला असतो तो मात्र नियम जिथे मोडतो तिथे.

दुसऱ्या आवर्तातील बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन हा नेहमीचा संच. पहिली आयनीभवन ऊर्जा अनुक्रमे सुमारे 801, 1086, 1402 व 1314 किलोजूल प्रतिमोल असल्याने चढता क्रम बोरॉन, कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन असा लागतो. ऑक्सिजन मागे का पडतो, याची पाठ्यपुस्तकी कारणे एकसारखी नाहीत. ‘अर्ध्या भरलेल्या 2p उपकवचाचे स्थैर्य’ हे सर्वांत प्रचलित. पण ते कारणापेक्षा निरीक्षणालाच दिलेले नाव वाटते. ऑक्सिजनचा चौथा 2p इलेक्ट्रॉन आधीच्या एकाशी जोडी करून बसतो व त्यांच्यातील प्रतिकर्षणामुळे सुटायला सोपा जातो, शिवाय समांतर फिरकीच्या इलेक्ट्रॉनांना मिळणारी विनिमय ऊर्जा त्याच्या वाट्याला येत नाही, हे विवेचन अधिक समाधानकारक आहे. बेरिलियमची ऊर्जा (899) बोरॉनपेक्षा जास्त असण्याचे कारण निराळे: बोरॉनचा इलेक्ट्रॉन 2s मधून नव्हे, तर अधिक ऊर्जेच्या 2p मधून निघतो.

प्रश्नात ‘दुसरी’ हा एक शब्द आला की क्रम बदलतो, कारण आता विचार धन आयनाचा करायचा. B⁺ मध्ये इलेक्ट्रॉन 2s मधून काढावा लागतो, C⁺ मध्ये एकुलत्या 2p मधून. म्हणून कार्बन (2353) बोरॉनच्या (2427) खाली जातो. O⁺ ची रचना नायट्रोजनसारखी 2p³ असल्याने ऑक्सिजन (3388) नायट्रोजनला (2856) तर मागे टाकतोच, पण किंचित फरकाने फ्लुओरिनलाही (3374). घाईने वाचणारा इथे पहिल्या ऊर्जेचा पाठ केलेला क्रम उतरवून मोकळा होतो.

त्रिज्येबाबत अडचण मोजमापाची आहे. गॅलियमची धातू त्रिज्या (135 पिकोमीटर) ॲल्युमिनियमपेक्षा (143) कमी दिली जाते. मधल्या दहा 3d इलेक्ट्रॉनांचे झाकण अपुरे पडते, हे त्याचे मान्य स्पष्टीकरण. सहसंयुजी त्रिज्या घेतल्या तर दोन्ही जवळजवळ सारख्या येतात, म्हणून हा अपवाद कोष्टक पाहूनच मांडावा. निऑन फ्लुओरिनपेक्षा मोठा दिसतो तोही व्हान डर वाल्स त्रिज्येची तुलना सहसंयुजी त्रिज्येशी केल्यामुळे.

विद्युतऋणता थेट मोजली जात नाही. पाउलिंगने 1932 मध्ये ती बंधऊर्जांवरून काढली, मुलिकनने 1934 मध्ये आयनीभवन ऊर्जा व इलेक्ट्रॉन आसक्तीच्या सरासरीवरून. पाउलिंग मापनात गॅलियम (1.81) ॲल्युमिनियमच्या (1.61) वर आहे. ऑक्सिजन (3.44) मात्र नायट्रोजनच्या (3.04) पुढेच राहतो; आयनीभवन ऊर्जेतला अपवाद इथे लावला की उत्तर चुकते.