पुष्टीकरण पूर्वग्रह: ग्रुप चॅटमधली एक गोष्ट

एखादी समजूत मनात बसली, की तिला आधार देणारा पुरावाच शोधायचा, तोच लक्षात ठेवायचा आणि उरलेल्याचा अर्थही तिच्याच बाजूने लावायचा, या मनाच्या सवयीला पुष्टीकरण पूर्वग्रह किंवा कन्फर्मेशन बायस म्हणतात. यात मुद्दाम केलेला खोटेपणा नसतो. ज्याच्या हातून हे घडतं, त्याला आपण सगळं नीट पाहूनच बोलतोय असं वाटत असतं. मित्रमैत्रिणींच्या ग्रुप चॅटमध्ये ही सवय फार स्पष्ट पकडता येते, कारण कोण कधी काय म्हणालं ते तिथे लिहिलेलं राहतं. खालची गोष्ट कल्पित आहे.

ईशा, साहिल, ओंकार आणि मुक्ता एकाच वर्गात. चौघांचा एक ग्रुप होता आणि मुक्ताला वगळून तिघांचा आणखी एक. एका रात्री ईशाने त्या दुसऱ्या ग्रुपवर लिहिलं, "मुक्ता मला टाळतेय. मी प्लॅन केला की हिला कधीच जमत नाही."

साहिलने लगेच चौघांच्या चॅटमध्ये "नाही जमणार" हे शब्द शोधले आणि मुक्ताचे दहा मेसेज काढले. "अगं, खरंच की. दहापैकी सहा नकार तुझ्याच प्लॅनला आहेत."

मग जुन्या गोष्टी निघाल्या. परवा ईशाने एवढा मोठा मेसेज टाकला, त्यावर मुक्ताचा नुसता अंगठा. ओंकार म्हणाला, "अरे, अंगठा तर मीही टाकतो." "तुझी सवयच आहे ती," ईशा म्हणाली. "आणि गेल्या महिन्यात ती तुझ्या प्लॅनला आली होती की," ओंकारने आठवण केली. "नोट्स हव्या होत्या म्हणून आली," साहिलचं उत्तर तयार होतं.

इथवर पूर्वग्रहाने आपलं काम केलं आहे. साहिलने जे शब्द शोधले, त्यांत होकार सापडणं शक्यच नव्हतं. शोधतानाच उत्तर ठरलं होतं. ओंकारचा अंगठा ही सवय ठरली आणि मुक्ताचा अंगठा हा तुटकपणा. आणि मुक्ता आली, हा सरळसरळ विरुद्ध पुरावाही "नोट्ससाठी" म्हणताच समजुतीच्या बाजूने जमा झाला. समजूत अशी झाली, की आली तरी खरी आणि नाही आली तरी खरी. खरं तर इथेच थांबायला हवं होतं: कुठल्याच प्रसंगाने खोटी ठरू शकत नाही अशी समजूत झाली, की त्यानंतरचा एकही "पुरावा" काही सिद्ध करत नाही.

फक्त होकाराच्या दिशेने शोधण्याची ही खोड पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवली. २-४-६ हे तीन आकडे एका नियमात बसतात, एवढंच तो सांगे. आपण नवे तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही हे तो सांगणार, आणि खात्री झाली की नियम ओळखायचा. बहुतेकांच्या मनात "दोनदोनने वाढणारे आकडे" असं काहीतरी येई आणि ते ८-१०-१२, २०-२२-२४ असं विचारत. प्रत्येक वेळी "बसतात" हेच उत्तर मिळे आणि खात्री वाढत जाई. नियम मात्र एवढाच होता: आकडे चढत्या क्रमाने हवेत. १-७-५० विचारलं असतं, तरी "बसतात" हेच उत्तर आलं असतं आणि दोनदोनची कल्पना तिथेच मोडली असती. आपली कल्पना चूक असेल तर जिथे ती उघडी पडेल, तिथे हात घालायला हवा. लोक नेमकी तीच जागा टाळत होते.

ओंकारला हा प्रयोग माहीत नव्हता, पण त्याने योग्य प्रश्न विचारला: "मुक्ता टाळत नसती, तर चॅटमध्ये काय दिसलं असतं?" मग त्याने सत्रभरातले सगळे प्लॅन वर स्क्रोल करून मोजले. मुक्ताला विचारलेले प्लॅन वीस निघाले. त्यांतले बारा ईशाचे. सहांना मुक्ता आली, सहांना नाही. बाकीच्यांचे आठ, चारांना आली, चारांना नाही. म्हणजे प्लॅन कोणाचाही असो, ती निम्म्या वेळा येत होती. दहापैकी सहा नकार ईशाला, हे साहिलचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ईशाचे प्लॅनच जास्त होते, म्हणून तिच्या वाट्याला नकारही जास्त आले. असा संबंध तपासायचा तर चारही आकडे लागतात: तिच्या प्लॅनला आली, नाही आली, इतरांच्या प्लॅनला आली, नाही आली. साहिलने फक्त नकार मोजले होते, आणि आपण सगळे बहुधा तेवढेच मोजतो, कारण नकार सलतो आणि लक्षात राहतो.

ईशा मात्र यादी तपासायला बसली. "माझे दोन प्लॅन ऐनवेळी ठरले होते. ती कॉलेजातच होती म्हणून आली. ते धरू नकोस." आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. पण साहिलच्या दहा मेसेजांची अशी झडती कोणीच घेतली नव्हती. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९७९ मध्ये हाच दुटप्पीपणा दाखवला. मृत्युदंडाच्या बाजूचे आणि विरोधातले विद्यार्थी निवडून त्यांना दोन अभ्यास वाचायला दिले: एक मृत्युदंडाने गुन्हे घटतात म्हणणारा, दुसरा तसं घडत नाही म्हणणारा. दोन्ही गटांना आपल्या मताचा अभ्यास जास्त पटला आणि दुसऱ्यात उणिवा दिसल्या. सगळं वाचून झाल्यावर आपलं मत आणखी पक्कं झालं, असंच दोन्हीकडचे विद्यार्थी सांगत होते.

ते दोन प्लॅन वगळले, तर ईशाच्या दहांपैकी चारांना मुक्ता आली असं होतं, इतरांच्या आठांपैकी चारांना. फरक एका प्लॅनचा. एवढ्याशा आकड्यांवरून कोणी कोणाला टाळतं असं म्हणता येत नाही. आणि टाळत नाहीच, हेही सिद्ध होत नाही. मोजणीला ही मर्यादा आहे, आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडते.

यापेक्षा वाईट गोष्ट मोजताना दिसली. गेल्या तीन आठवड्यांत ईशाने मुक्ताला एकाही प्लॅनचं विचारलं नव्हतं, आणि त्याच तीन आठवड्यांत मुक्ताचे मेसेज कमी झाले होते. साहिल म्हणाला, "बघ, तुटक वागतेय." पण हा पुरावा त्यांच्याच वागण्यातून तयार झाला होता. समजुतीमुळे आपण वेगळं वागतो, समोरचा त्याला प्रतिसाद देतो आणि तो प्रतिसाद आपण समजुतीचं प्रमाण म्हणून दाखवतो. अशी समजूत मोडणं सगळ्यांत अवघड, कारण आता तिच्यात खरेपणाचा अंश आलेला असतो. म्हणून मोजताना समजूत बनण्याआधीचा काळ वेगळा काढावा लागतो.

"निष्पक्षपणे विचार कर" असं सांगून यातलं फारसं काही बदलत नाही. लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी १९८४ मध्ये ते करून पाहिलं. निष्पक्ष राहायला सांगितलेल्यांचा कल कायम राहिला. पण "याच पद्धतीने केलेल्या अभ्यासातून उलट निष्कर्ष निघाला असता, तर तुम्ही त्याला असंच मोजलं असतं का?" हा नेमका प्रश्न स्वतःला विचारायला लावलं, तेव्हा कल बराच कमी झाला. ओंकारनेही शेवटी तेच केलं. त्याने ईशाच्या त्याच बारा प्लॅनना स्वतः किती वेळा नाही म्हटलं ते मोजून टाकलं: सात वेळा. "मग मीही तुला टाळतोय का?"

ईशाने त्यावर बराच वेळ काही लिहिलं नाही. मग चौघांच्या ग्रुपवर मुक्ताचं नाव घालून विचारलं, "शनिवारी येतेस का? आणि मधे मी तुला विचारलंच नाही, त्याबद्दल बोलायचंय."