डिफरन्शियल आणि डिफरन्शियल लॉक: एक वळायला, एक चिखलातून निघायला

पावसाळ्यात पांदणीत ट्रॅक्टर रुतला, एक मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरतंय आणि दुसरं हलतही नाही, की बरेच जण म्हणतात डिफरन्शियल गेलं. मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही गिअरची जोडणी गेलेली नसते. तेव्हाही ती आपलं नेहमीचंच काम करत असते.

धुऱ्यावर ट्रॅक्टर पूर्ण उलटा फिरवताना काय होतं बघा. मागच्या दोन चाकांमधलं अंतर 1.3 मीटर धरू. वळणाचा मध्य ट्रॅक्टरच्या मधोमधपासून 3 मीटरवर असेल, तर आतलं चाक साधारण 7.4 मीटर चालतं आणि बाहेरचं 11.5 मीटर. फरक 4.1 मीटरचा. मोठ्या टायरचा घेर साधारण 4 मीटर असतो, म्हणजे एका वळणात बाहेरच्या चाकाचा जवळजवळ एक अख्खा फेरा जास्त होतो. वळण मोठं घ्या की लहान, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त चाकांमधल्या अंतरावर ठरतो.

टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची पुढची चाकं आपापल्या बेअरिंगवर मोकळी असतात, त्यांना याची अडचण नाही. मागच्या दोन्ही चाकांना मात्र जोर एकाच मोठ्या गिअरवरून, म्हणजे क्राऊनवरून मिळतो. डिफरन्शियलचं काम इथे होतं: क्राऊनच्या पिंजऱ्यातले छोटे स्टार गिअर एका चाकाचे जेवढे फेरे कमी करतात, तेवढेच दुसऱ्याचे वाढवतात. जोर मात्र दोघांना सारखाच देतात, आणि चिखलात घात होतो तो इथेच. घसरणाऱ्या चाकाला ढकलायला जोर लागतच नाही, म्हणून कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा मिळतो. एक चाक थांबलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं आणि स्वतःचाच खड्डा खोल करत जातं.

लॉक याच्या उलट. पायाजवळचं पेडल दाबलं की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बांधली जातात. त्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. ज्या चाकाला पकड आहे, त्याच्यापर्यंत ती पोचते, एवढंच. दोन्ही चाकं सारखीच रुतली असतील तर लॉकचा काही उपयोग नाही.

फिरत्या चाकावर पेडल मारू नका, लॉकचे दात तुटतात. आधी क्लच दाबून चाक थांबवा, मग लॉक लावा आणि सरळ बाहेर काढा. लॉक लागलेला असताना वळलात, तर तो एका फेऱ्याचा फरक टायर घासून भरून निघतो. काळ्या ओल्या मातीत ते खपून जातं, पण डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर स्टिअरिंग न ऐकता सरळच जातो आणि ताण एक्सलवर येतो. पेडल सोडूनही स्टिअरिंग जड लागत असेल, तर लॉक अडकलाय समजा. सावकाश पुढे जात एका बाजूचा ब्रेक हलकेच दाबून सोडा. दातांवरचा ताण गेला की स्प्रिंग लॉक मागे खेचून घेते.